पाणी घातल्यापासूनचे सात दिवस

औषधांच्या दुकानात काउंटरवर नवीन आहेस, म्हणून आधी ड्राय सिरपचं सांगतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक या अँटिबायोटिकच्या बाटलीवर छापलेली एक्स्पायरी कोरड्या पावडरीची असते. पाणी घातलं की ती संपली. तिथून मुदत सात दिवस, तीही फ्रिजमध्ये ठेवलं तर. क्लॅव्ह्युलॅनिक पाण्यात हळूहळू विघटित होतं, उष्णतेत आणखी लवकर. रंग गडद पिवळा-तपकिरी झाला तर देऊ नये, पण रंग बदलला नाही म्हणून औषध चांगलं आहे असं समजू नकोस. मुदतीची ही सूचना बाटलीच्या बाजूला, पाणी मिसळायच्या कृतीजवळ बारीक अक्षरात असते. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे असतात, म्हणून दरवेळी वाच.

समज, ३ मिली दिवसातून दोनदा, दहा दिवस लिहिलंय. म्हणजे ६० मिली, ३० मिलीच्या दोन बाटल्या. पहिली पाच दिवस पुरते. दुसरी कोरडीच दे आणि मुलाच्या आईला बजाव की सहाव्या दिवशी उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. दोन्ही एकदम कालवल्या तर शेवटचे तीन दिवस मुदतीबाहेर जातात.

डोळ्यांच्या थेंबांवर बहुधा ‘उघडल्यावर एक महिन्यात वापरा’ असतं; कुपी इवलीशी, म्हणून खोकाही जपायला सांग. क्रीमच्या ट्यूबवर किंवा खोक्यावर उघड्या डबीचं चित्र आणि 6M असेल तर सहा महिने. उघडल्याची तारीख पेनाने लेबलवरच लिहून घे.