अधोमुख श्वानासनात मनगटं खूप दुखतात, आणि पाय सरळ केले की मांडीच्या मागे ओढ बसते, टाचा तर टेकतच नाहीत. माझं काय चुकतंय?

भाऊ, गुडघे वाकवा आणि बूड मागे ढकला. दोन्ही दुखणी एकच आहेत, त्यातलं मूळ मांडीच्या मागे आहे आणि मनगट बिचारं फुकटात मार खाऊन राहिलं. मी स्वतः सहा-सात महिने हेच भोगलं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझं यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यात किराणा दुकान आहे, सीझनला थोडं सोयाबीन-तूर पण घेतो. दिवसभर स्टुलावर बसायचं, मधेच पोते उचलायचे, एवढीच हालचाल. गावात सकाळी समाजमंदिरात योगाचा वर्ग चालते, तिथे जायला लागलो. सूर्यनमस्कारात ज्याला पर्वतासन म्हणतात तोच हा आकार, बारा नमस्कार घातले की निदान बारा वेळा तरी हा येतेच. शिकवणारे सर मागून ओरडायचे, "टाच टेकव ना बे, काहून उचलून राहिला?" मी टाच टेकवायच्या नादात गुडघे लोखंडासारखे ताठ करायचो, पाय हळूच हातांजवळ सरकवायचो, आणि दुकानात येऊन तेलाच्या डब्याचं झाकण उघडायला गेलो की मनगटात कळ.

आता हे का होते ते पाहा. मांडीच्या मागचे स्नायू, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते वर बसायच्या हाडाला बांधलेले असतात आणि खाली गुडघा ओलांडून नडगीच्या वरच्या टोकाला. म्हणजे समजा गाईचं दावं. दावं आखूड असलं आणि खुंटा दूर असला की गाय मान पुढे करू शकत नाही. तसंच, गुडघा सरळ केला की दाव्याचं खालचं टोक दूर जाते, मंग ते वरच्या बसायच्या हाडाला खाली खेचते, कंबर वर वळायच्या ऐवजी आत गोल होते, पाठीला कुबड येते. एकदा पाठ गोल झाली की बूड मागे जाऊच शकत नाही, छाती आणि खांदे पुढे हातांवर येतात आणि सगळं वजन मनगटावर. गुडघा वाकवला की खुंटा जवळ आला, दावं ढिल्लं पडलं, कंबर मोकळी झाली.

हे मला कोणी सांगितलं तेव्हा पटलं नाही. तं मी दुकानातल्या काट्यावर करून पाह्यलं. आमचा धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा जवळपास एका विटेएवढा उंच आहे, म्हणून पायाखाली पण विटा ठेवल्या, नाहीतर हात उंच आणि पाय खाली राहून हिशोब चुकला असता. माझं वजन 72 किलो. दोन्ही तळवे काट्यावर, गुडघे ताठ, माझी जुनी पद्धत: आकडा 32 च्या आसपास नाचून राहिला. मंग गुडघे चांगले वाकवले आणि बाकी काहीच बदललं नाही, तरी 30-31. मी म्हटलं बाप्पा, हे तं काहीच नाही झालं! मंग हातांनी काटा पुढे ढकलल्यासारखा जोर दिला, पोट मांडीकडे नेलं आणि बूड मागे-वर गेलं, आकडा उतरून 24 वर. पोरगं समोर उभं राहून वाचून दाखवत होतं म्हणून पक्कं सांगतो. हे माझ्या शरीराचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण त्यातून एक गोष्ट कळली की नुसते गुडघे वाकवून भागत नाही, गुडघे वाकवल्यामुळे जी जागा मोकळी होते तिथे वजन मागे न्यावं लागते. बरेच लोक पहिलं अर्धं करतात आणि म्हणतात काही फरक नाही पडला.

करायचं असं. हात आणि गुडघ्यांवर या, जसं लहान पोराला पाठीवर बसवायला घोडा होतो तसं. तळवे खांद्यांच्या रुंदीएवढे लांब ठेवा आणि खांद्यांच्या वीतभर पुढे. पायाची बोटं टेकवा, गुडघे जमिनीपासून फक्त चार बोटं उचला आणि तिथेच थांबा. घाई इथेच होते, सगळे एकदम पाय सरळ करतात. तुम्ही गुडघे वाकलेलेच ठेवून पोट मांडीला लागते का पाहा आणि जमीन पुढे ढकलत बूड मागच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे न्या. पाठ लांब झाली की काखेत ताण जाणवतो, मनगटात नाही. टाचा तेव्हा चांगल्या चार-पाच बोटं उचललेल्या असतात, असू द्या. आता एक-एक गुडघा हळूहळू सरळ करा आणि कंबरेकडे लक्ष ठेवा, ज्या क्षणी कंबर आत गोल व्हायला लागली तिथून जरा मागे या, तेवढाच तुमचा आजचा सरळ पाय. पाच श्वास, मंग गुडघे खाली टेकवून बसून घ्या. कंबर गोल झाली की नाही हे स्वतःला दिसत नाही, बाजूने मोबाईलवर एक फोटो काढून घ्या, मला माझा फोटो पाहून लाज वाटली होती.

हाताचं पण एक आहे. समाजमंदिराची फरशी शहाबादी आहे, एकदा हात धुऊन ओल्या तळव्यानेच आसन केलं आणि उठल्यावर ठसा पाह्यला. करंगळीच्या बाजूची तळव्याची टाच, म्हणजे मनगटाजवळचा गादीसारखा भाग, तिथे गडद डाग, आणि अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मुळाशी फरशी जवळजवळ कोरडी. म्हणजे सगळा भार एका कोपऱ्यावर पडून राहिला होता. दुकानात पिठाचा हात असला तरी असाच ठसा पाहता येते. उपाय सोपा आहे, बोटं पसरा, आणि पहिल्या बोटाचं मूळ आणि अंगठ्याचं मूळ जमिनीत दाबून ठेवा, जणू तिथली कागदाची चिठ्ठी वाऱ्याने उडू नये. कोपरं खूप ताठ करून मागे लॉक करू नका. खांदे आखडलेले असतील तं तळवे जरासे बाहेर फिरवा, मनगटाला आराम पडते.

हे सगळं करूनही मनगटात दाब जास्त वाटला तं हात उंचावर घ्या. मनगट जेवढं मागे वाकते तेवढा त्रास, आणि पाय हातांजवळ आणले की हात उभे होतात आणि मनगट अजून वाकते. म्हणून टाच टेकवायला पाय जवळ घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सगळे टाच टेकवायच्या मागे असतात, पण पोटरी लांब झाली की टाच आपोआप खाली येते, नाही आली तरी काही बिघडत नाही. मनगटासाठी पहिला सोपा उपाय म्हणजे टॉवेलची गुंडाळी करून तळव्याच्या टाचेखाली ठेवायची आणि बोटं जमिनीवर खाली, याने मनगटाचा कोन कमी होते. दुसरा, अंगणातल्या ओट्यावर किंवा भिंतीवर हात ठेवून तेच आसन, बूड मागे नेऊन, हे तं गावात कुठेही होते. भिंतीवर शिकलेलं मंग जमिनीवर उतरवायला सोपं जाते. सतरंजी किंवा चटई गुळगुळीत फरशीवर घालू नका, हात पुढे सटकते आणि आपण ते रोखायला मनगटाने जोर लावतो, त्यापेक्षा कोरडी फरशी बरी.

आता ओढ कुठे बसते ते पण तपासा. मांडीच्या मधोमध, मांसल भागात ताण, सुसह्य, चालते. अगदी बसायच्या हाडाजवळ, जिथून हॅमस्ट्रिंग निघते, तिथे टोचल्यासारखं दुखलं, किंवा गुडघ्याच्या मागच्या लवणीत चिमटा, तं त्या दिवशी गुडघे अजून वाकवा, ताण देऊ नका, ती जागा लवकर बरी होत नाही. आणि कंबरेपासून पोटरीखाली पावलापर्यंत मुंग्या किंवा करंट येत असेल तं ते हॅमस्ट्रिंग नाही, नसेचं काम असू शकते, आधी डॉक्टरला दाखवा. मनगटाचं तसंच, आसन संपवून दहा मिनिटांत दुखणं गेलं तं भाराचं आहे, पण रात्री अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल किंवा सूज असेल तं हे आसन बंद करून दाखवूनच या. ज्यांना बीपी खूप आहे किंवा डोळ्यात काचबिंदू आहे त्यांनी डोकं खाली घालणारी आसनं डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नयेत.

किती दिवस लागतात विचाराल तं मनगट माझं दोनेक आठवड्यात बरं झालं, कारण ते भाराचंच होतं. हॅमस्ट्रिंगला साडेतीन महिने लागले आणि अजूनही माझे गुडघे थोडे वाकलेले असतात, सकाळी थंडीत तं जास्तच. एक गंमत सांगू, घरी बायकोला हे करून दाखवलं तं तिने पहिल्याच वेळेस टाचा टेकवल्या, गुडघे सरळ, पाठ पण सरळ. ती दहा वर्षं निंदणाला जाऊन राहिली, कंबरेतून वाकून दिवसभर, तिच्या दाव्याला ओढच नाही. मला म्हणते, "तुमच्या वर्गात फीस काहून देता, उद्यापासून चला वावरात."