बोलून लिहिलेल्या मराठी मजकुराची साफसफाई

प्रश्न: वडिलांच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत. मराठी टायपिंगचा वेग अजिबात नाही, म्हणून व्हॉइस टायपिंगने बोलून लिहायचं म्हणतोय. पण पूर्णविराम, स्वल्पविराम येतच नाहीत आणि शब्द तुटक पडतात. नंतर सगळं नीट कसं करायचं?

बोलताना दुरुस्तीला हात लावू नका. एक शब्द चुकला की थांबून तो सुधारायचा, या सवयीने आठवणीचा ओघ तुटतो. एक प्रसंग पुरता सांगून टाका, मग साफसफाईला बसा. मी गूगल डॉक्समध्ये Tools > Voice typing वापरतो. माइकच्या वरच्या यादीत मराठी निवडलंय ना, ते आधी बघा. चुकून हिंदी राहिलं असेल तर दोन ओळींतच कळतं, कारण ‘आहे’च्या जागी ‘है’ यायला लागतं. शेजारी फोनवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा. एखादं वाक्य भलतंच उमटलं तर वडील नेमकं काय म्हणाले होते ते दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

विरामचिन्हांचं म्हणाल, तर डॉक्समध्ये बोलून चिन्ह टाकायची सोय मोजक्याच भाषांना आहे, मराठीला नाही. त्यामुळे ‘पूर्णविराम’ म्हटलं की तो शब्दच टाइप होतो. याचाच उपयोग करून घ्यायचा. वाक्य संपलं की ‘पूर्णविराम’, अर्ध्यावर थांबलात की ‘स्वल्पविराम’ असं म्हणत चला. वडील स्वतः सांगणार असतील तर त्यांना हे म्हणायला लावू नका, त्यांचं बोलणं अडखळतं. रेकॉर्डिंग ऐकत तुम्हीच वाक्यं पुन्हा बोला. आवाज एकच राहिल्याने शब्दही जास्त बरोबर येतात.

कच्चा मजकूर साधारण असा दिसेल:

‘आजीने हाक मारली पूर्ण विराम मी ही लगेच विहिरी वर गेलो स्वल्पविराम पण तिथे कोणीच नव्हत पूर्णविराम’

आता Ctrl+H दाबा, शोधून बदलायची चौकट उघडेल. आधी ‘पूर्ण विराम’ जोडून ‘पूर्णविराम’ करा, म्हणजे दोन्ही रूपं एक होतील. मग शोधायच्या चौकटीत आधी एक मोकळी जागा आणि पुढे ‘पूर्णविराम’ लिहा, बदली फक्त टिंब. ती मोकळी जागा विसरलात तर प्रत्येक टिंब शब्दापासून सुटं पडेल. स्वल्पविरामाचंही तसंच.

तुटलेले शब्द जोडताना मात्र जपून. मराठीत शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडून लिहितात आणि यंत्र ते बऱ्याचदा सुटं टाकतं. ‘ पर्यंत’ आणि ‘ पेक्षा’ मागची जागा काढून एकदम सगळीकडे बदलले तरी सहसा बिघडत नाही. ‘ वर’ तसं कधीच बदलू नका. ‘विहिरी वर’ जुळेल, पण ‘तो वर गेला’चं ‘तोवर गेला’ होईल आणि अर्थच पालटेल. ‘ साठी’ बदलाल तर ‘आजोबांची साठी’ चिकटेल, ‘ मुळे’ बदलाल तर ‘वडाची मुळे’. हे शब्द एकेक ठिकाण बघूनच जोडा. ‘ ही’ सगळ्यात फसवं. ‘मी ही गेलो’ इथे ‘मीही’ हवं, पण ‘मी ही गोष्ट सांगितली’ इथे ते सुटंच बरोबर आहे. शुद्धलेखन तपासणीला यातलं काही सापडत नाही, कारण सुटे शब्दही बरोबरच असतात.

अनुस्वाराचा निर्णय सुरुवातीलाच घ्या. यंत्र एकाच पानावर ‘केलं’, ‘केले’ आणि नुसतं ‘केल’ असं तिन्ही टाकतं. आठवणी बोलीत आहेत, तर मी ‘केलं, नव्हतं’ ठेवेन. पण ‘केले’ सरसकट ‘केलं’ करता येत नाही: ‘काम केले’ बदलायचं, ‘प्रयत्न केले’ तसंच ठेवायचं, कारण तिथे ते अनेकवचन आहे. हे डोळ्यांनीच करावं लागतं. तेवढं झालं की वरचा नमुना असा होतो:

‘आजीने हाक मारली. मीही लगेच विहिरीवर गेलो, पण तिथे कोणीच नव्हतं.’

शेवटचं वाचन रेकॉर्डिंग लावून करा, नुसतं मनात नको. मनात वाचताना अर्थ जुळला की नजर पुढे सरकते आणि गळलेला ‘नाही’ तसाच राहतो. माणसांची, वाड्यावस्त्यांची नावं आणि ‘पावणेदोन’, ‘अडीच’, ‘एकोणसाठ’ यांसारखे आकडे यांच्याशी तर प्रत्येक वेळी थांबा. अनोळखी नावाच्या जागी यंत्र ओळखीचा शब्द बसवतं आणि तो वाक्यात इतका बेमालूम बसतो, की वडिलांना वाचून दाखवल्याशिवाय चूक कळत नाही.