चार महिने घर बंद ठेवताना बॅटऱ्यांचं काय करावं?

इन्व्हर्टरची आणि ई-सायकलची, दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज करून जाऊ नकोस. फुल चार्ज करणं फक्त इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीला लागू. तिच्यात आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघ, मग पूर्ण चार्ज करून वायरी काढून ठेव. काही तासांनी मल्टीमीटरवर साधारण १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. पडून ती हळूहळू उतरते, १२.४ च्या खाली गेली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग क्षमता पुरती परत येत नाही. म्हणून दोनेक महिन्यांनी शेजाऱ्यांकडून चार्ज करून घेच.

ई-सायकलची लिथियम मात्र निम्म्यावर, ४० ते ६० टक्क्यांवर ठेव. भरलेली आणि वर उकाडा, यानेच ती लवकर म्हातारी होते. पत्र्याखाली नको, घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेव.