चावल्याचं वाक्य गाळू नका

*ताई, मिस्टरांची कुपवाडची नोकरी सुटली. आता पुण्यात लागलीय, पण तिथं चौथ्या मजल्यावर एक खोली आणि किचन. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि घरमालक कुत्र्याला साफ नाही म्हणतो. पाच आठवड्यांत विश्रामबागचं घर सोडायचंय. आमचा खंड्या पाच वर्षांचा, पिल्लू असल्यापासून घरात वाढलेला. त्याच्यासाठी जाहिरात लिहायला घेतली, सोबत पाठवतेय, पण एका वाक्याशी अडते. गेल्या दिवाळीत तो माझ्या सात वर्षांच्या भाच्याला चावला. भाऊजी म्हणतात, "हे लिहिलंस तर कुणी नेणार नाही, गप्प बस." लिहू की नको?*
*— खंड्याची आई, सांगली*

ताई, लिहा. आणि शेवटी कोपऱ्यात नको, अगदी वर, त्याच्या वयानंतर लगेच.

तुमच्या मसुद्यात "शांत, प्रेमळ, मुलांत रमणारा" असं आहे. यातला एकही शब्द समोरच्याच्या कामाचा नाही. माझ्याकडे साताऱ्यात एक कुत्री काही महिने सांभाळायला होती, तीही "शांत" म्हणूनच आली होती. वर्षभरात तीन घरं झाली होती तिची. झोपेत कुणी हात लावला की ती दचकून तोंड टाकायची, आणि प्रत्येक घराला हे नव्यानं कळायचं. तिसऱ्या घरात कळलं तेव्हा एका मुलाच्या ओठाला टाके पडले. पहिल्या घरी मी फोन केला तर तिकडून शांतपणे उत्तर आलं, "हो, आम्हाला माहीत होतं ते." झोपलेली असताना हात लावू नका, आधी लांबून हाक मारा, एवढं एक वाक्य तिच्याबरोबर आलं असतं तर त्या मुलाचा ओठ वाचला असता. शेवटी ती माझ्याकडेच राहिली.

तुम्हाला मी परत पत्र लिहून काही प्रश्न विचारले होते, ते याचसाठी. "चावला" हे अर्धंच वाक्य आहे. त्याच्या तोंडापुढे काय होतं, मूल काय करत होतं, आधी गुरगुरला का, कुठं चावला, एकदा की पुन्हा पुन्हा, जखम केवढी, आणि त्यानंतर आजवर काय झालं, हे सगळं आलं की वाचणाऱ्याला नेमकं कळतं. तुमची उत्तरं मी दोनदा वाचली. खंड्या मटणाचं हाड खात होता. पोरानं ते ओढायला हात घातला. खंड्या गुरगुरला, पोरगं हसलं, आणि मग एकदाच चावून त्यानं सोडून दिलं. दोन दातांच्या खुणा, रक्त आलं, टाके नाहीत, इंजेक्शनं मात्र पूर्ण घ्यावी लागली.

जाणत्या माणसाला हे वाचून बरंच समजतं. हा वाट चालताना अंगावर येणारा कुत्रा नाही. हा खाण्याची राखण करणारा कुत्रा आहे. अशा कुत्र्याचं अंग आधी ताठ होतं, तो भांड्यावर मान खाली धरून भराभर गिळायला लागतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, मग गुरगुर आणि सगळ्यात शेवटी दात. तुम्ही लिहिलंय की मिस्टर त्याला गुरगुरल्यावर नेहमी दरडावायचे. ते आता अजिबात बंद करा. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती दाबली तर भीती तशीच राहते, फक्त सूचना जाते, आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो. नव्या घरालाही हे शब्द न शब्द सांगा.

आणखी एक काम जाहिरातीआधीच करा. त्याचे दात आणि कान डॉक्टरांना दाखवून घ्या. दाढ दुखत असली तरी कुत्रा भांड्याजवळ कुणाला येऊ देत नाही. तसं काही निघालं तर ते बरं करून घ्या, आणि तेही लिहा.

आता मजकूर. तुमच्याच उत्तरांवरून मी असा लिहिला असता:

"खंड्या. नर, ५ वर्षं, नसबंदी झालेली. गावठी आणि कारवानीचं मिश्रण, उंच, सडपातळ, वजन २२ किलो. गेल्या दिवाळीत तो आमच्या ७ वर्षांच्या भाच्याच्या हाताला चावला. खंड्या हाड खात होता, मुलानं हाड ओढलं. खंड्या आधी गुरगुरला, मग एकदा चावून सोडलं. दोन दातांच्या खुणा, रक्त आलं, टाके पडले नाहीत. रेबीजची लस तेव्हा चालू होती, आणि चावल्यानंतर १० दिवस लक्ष ठेवलं, तो ठणठणीत होता. भांड्याजवळ कुणी आलं की तो पूर्वीपासून गुरगुरतो. तेव्हापासून मागच्या पडवीत दार लावून जेवण देतो, हाड देत नाही. सात महिन्यांत पुन्हा चावलेला नाही. मोठ्या माणसाला कधीच चावलेला नाही.

लहान मुलं राहतात किंवा सुट्टीला येतात अशा घरात देणार नाही. राखणीसाठी किंवा बांधून ठेवायला देणार नाही.

फटाके वाजले की पलंगाखाली शिरतो आणि दोन-दोन तास बाहेर येत नाही. मांजर दिसलं की मागे धावतो. घरात घाण करत नाही. सकाळी सहाला आणि संध्याकाळी फिरायची सवय आहे. आमच्या आजारी सासूबाईंच्या पलंगाला टेकून दुपारभर झोपतो. आम्ही पुण्याला लहान घरात जातोय, घरमालक कुत्रा ठेवू देत नाही, म्हणून देतोय. लसीचं कार्ड दाखवू. आधी दोनदा येऊन भेटा. नाही जमलं तर कधीही आम्हाला फोन करा, परत घ्यायची जबाबदारी आमची."

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी घरात बोलून घ्या, कारण ते पाळावं लागेल. तुमच्या नव्या खोलीत तो मावणार नाही हे मला कळतं. मग परत आलाच तर तो कुठं राहील, हे आजच ठरवा. तुम्ही लिहिलेल्या शेजारच्या काकू, ज्यांच्या हातून तो आताही जेवतो, त्यांना महिना दोन महिने सांभाळाल का असं स्पष्ट विचारा, आणि खर्च तुम्ही द्या. नाहीतर अडचणीत सापडलेलं नवं घर त्याला नदीकाठी नेऊन सोडून येईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पण गुन्हा आहे म्हणून खंड्या काही घरी परत येत नाही.

भाऊजींचं म्हणणं अगदीच खोटं नाही. फोन कमी येतील. पहिला आठवडा कदाचित एकही नाही. पण मला जास्त काळजी आहे ती जे येतील त्यांची. "चावला" वाचून काही लोक खूश होतात. तासगाव-पलूसकडचे द्राक्षबागवाले, नवं फार्महाउस बांधलेले, गोडाऊनवाले. ते म्हणतील, "आम्हाला तसाच तिखट पाहिजे." माणसं वाईट नसतील, पण त्यांना साखळीला बांधलेला राखणदार हवाय. पाच वर्षं सासूबाईंच्या पलंगाशी झोपलेला कुत्रा बागेत दिवसभर बांधला तर तो शूर होत नाही, तो घाबरतो, आणि घाबरलेला बांधलेला कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतो. म्हणून मजकुरात राखणीला नाही हे लिहिलंय, आणि फोनवर पहिला प्रश्न तोच ठेवा: रात्री तो कुठं झोपेल? "गेटपाशी शेड आहे" असं उत्तर आलं की नमस्कार करून फोन ठेवा.

दुसरा प्रश्न नातवंडांचा. साठीतलं जोडपं म्हणेल, "आमच्या घरी मुलं नाहीत." तिथं थांबू नका. मे महिन्यात कोण येतं, दिवाळीला कोण येतं, हे विचारा. खंड्या चावला तो पाहुण्या पोरालाच, आणि सणाच्या गर्दीतच.

भेटायला आले की त्यांना त्याचं जेवण बघू द्या. लपवू नका. भांडं ठेवा, दार लावा, आणि फटीतून त्याचं ताठ झालेलं अंग दाखवा. जो माणूस हे बघून "मग दार लावून देत जाऊ, त्यात काय" म्हणतो, तो तुम्हाला हवाय. जो म्हणतो "माझ्यासमोर नाही करायचा असं, मी बरोबर सरळ करतो", त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

घर पक्कं झालं की पाच आठवडे संपायची वाट बघू नका, तुम्ही सांगलीत असतानाच द्या, म्हणजे पहिले दिवस तुम्ही जवळ असाल. नव्या जागी कुत्रा पहिले तीन दिवस कधीकधी खातही नाही, कोपऱ्यात बसतो आणि फार गुणी वाटतो. त्यावर कुणी जाऊ नये. साधारण तीन आठवड्यांत तो घर आपलं मानायला लागतो, आणि भांड्याची राखण तेव्हा परत दिसते. नेमकं तेव्हाच लोक दार लावायचं विसरलेले असतात. तेव्हा आठवण करून द्यायला फोन तुम्ही स्वतः करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका.

पहिले पंधरा दिवस तो विश्रामबागकडे पळायचा प्रयत्न करेल. गळ्यातल्या पट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही घाला, दोन्हीला दोऱ्या, आणि पट्ट्यावर तुमचा आणि त्यांचा असे दोन्ही नंबर. त्याचं भांडं, नेहमीचं खाणं आणि सासूबाईंच्या पलंगावरची एक न धुतलेली चादर बरोबर द्या.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. सासूबाईंना आधी सांगा, त्यांच्यापासून लपवून नेऊ नका. दुपारी हात खाली सोडला की त्यांना तो लागतो. तो नेण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातून त्याला भाकरीचा एक तुकडा भरवा. खाण्याजवळ हात म्हणून तुम्ही शेजारी उभ्या राहा, तुकडा भांड्यात नको, उघड्या तळहातावर ठेवा.