काळजी घेतो, पण बोलत नाही

प्रश्न : नवरा माझं सगळं करतो, पण प्रेमाचा एक शब्द बोलत नाही. मला वाईट वाटतं. काय करू?

उत्तर : त्यांचं करणं खरं आहे आणि तुमचं दुखणंही. पण "तुम्ही कधी प्रेमानं बोलतच नाही" म्हटलं, की त्यांना ऐकू येतं, आपलं केलेलं सगळं वाया गेलं. मग उत्तर येतं, "पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसला सोडायला येतो, ते काय?" आणि भांडण हिशेबावर जातं.

त्यापेक्षा रात्री जेवणं आटोपल्यावर, दोघंही शांत असताना सांगा : "अहो, झोप मोडून स्टेशनवर येता, ते मला कळतं. फक्त गाडी सुटताना 'लवकर ये, करमत नाही' एवढं म्हणत जा." मोघम अपेक्षेपेक्षा असं नेमकं वाक्य आणि नेमकी वेळ दिली, की अबोल माणसालाही जमतं.

पहिल्यांदा ते अवघडून, पाठ केल्यासारखं बोलतील. तेव्हा "मी सांगितलं म्हणून बोललात" हे मात्र म्हणू नका, बहुतेकदा गाडी तिथंच अडते. सवय नसलेली गोष्ट सुरुवातीला अशीच येते.

मात्र तुमच्या मागणीची ते टिंगल करत असतील किंवा रागानं दिवसचे दिवस अबोला धरत असतील, तर तो निव्वळ अबोल स्वभाव नव्हे. अशा वेळी समुपदेशकाकडे जाच.