बॉटच्या ड्राफ्टला मंजुरी देताना मंजुरी नेमकी कशाला मिळते

प्रश्न: "आमच्या साड्यांच्या ऑनलाइन दुकानाचा व्हॉट्सॲप बॉट उत्तरं लिहितो. आता ती ग्राहकाला जाण्याआधी माणसाने बघून ओके करावीत असं ठरलंय. टेबलात pending आणि approved असे दोन स्टेटस ठेवले की भागेल ना? दिवसाला साधारण 300 मेसेज असतात, तपासायला दोघीजणी आहेत."

दोन स्टेटसवर भागणार नाही. तपासणारी व्यक्ती ओके करते ते एका ठरावीक मजकुराला, आणि तेही तिच्यासमोर तेव्हा जेवढं संभाषण होतं तेवढ्यापुरतं. या दोनपैकी एकही गोष्ट बदलली की ती मंजुरी गेली. टेबलात फक्त approved लिहून ठेवलं तर हे बदल सिस्टीमला कळतच नाहीत.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. दुपारी 2:10 ला ग्राहक लिहिते, "साडीचा रंग फोटोपेक्षा वेगळा आहे, परत करायची आहे." बॉट ड्राफ्ट करतो, "तुमचे ₹3,450 पाच दिवसांत परत मिळतील, उद्या पिकअप होईल." हा ड्राफ्ट रांगेत लागतो. 2:14 ला तीच ग्राहक लिहिते, "थांबा, मुलीला आवडली. ठेवून घेते. फॉल-पिको करून मिळेल का?" तपासणाऱ्या ताईंनी स्क्रीन 2:13 ला उघडलेली असते. त्या ऑर्डर बघतात, रक्कम बरोबर आहे, परतीची मुदतही संपलेली नाही, म्हणून 2:16 ला ओके करतात. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. तरी ग्राहकाला नको असलेला रिफंड कळवला जातो आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला साडी न्यायला दारात उभा राहतो.

हे टाळायचं तर प्रत्येक ड्राफ्टसोबत दोन गोष्टी साठवा. ड्राफ्ट लिहिला तेव्हा ग्राहकाचा शेवटचा मेसेज कोणता होता त्याचा आयडी, आणि मंजूर झालेल्या मजकुराचा हॅश. पाठवायच्या अगदी आधी दोन्ही ताडून बघा:

```sql
UPDATE drafts d
SET status = 'sending'
FROM conversations c
WHERE d.id = $1
  AND c.id = d.conversation_id
  AND d.status = 'approved'
  AND d.body_hash = $2
  AND d.last_inbound_id = c.last_inbound_id;
```

`$2` म्हणजे आता प्रत्यक्ष पाठवायला घेतलेल्या मजकुराचा हॅश. एक ओळ बदलली तर पाठवा. शून्य ओळी बदलल्या तर पाठवू नका, ड्राफ्ट stale करा आणि पूर्ण संभाषण देऊन नवा लिहून घ्या. नव्या ड्राफ्टला नवा आयडी आणि नवी मंजुरी. जुनी मंजुरी पुढे ओढू नका. तपासणारीने स्वतः मजकूर बदलला असेल तर मूळ आणि अंतिम असे दोन्ही जपून ठेवा. बॉट कुठे घसरतो हे नंतर त्या फरकातूनच कळतं. ग्राहकाचा नवा मेसेज येताच उघड्या स्क्रीनवरही "नवीन मेसेज आला आहे" अशी पट्टी दिसली पाहिजे आणि ओकेचं बटण बंद झालं पाहिजे.

दोघीजणी आहेत म्हणजे एकच ड्राफ्ट दोघींच्या हातात पडणार. पोस्टग्रेस असेल तर `FOR UPDATE SKIP LOCKED` वापरून एक ओळ उचला, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती claimed करा, सोबत पाच मिनिटांची मुदत लिहा आणि ट्रान्झॅक्शन संपवा. तपासून होईपर्यंत लॉक धरून बसू नका. मुदतीत निर्णय झाला नाही तर ड्राफ्ट आपोआप रांगेत परत, कारण मध्येच कुणी जेवायला उठलं तर तो तिथेच अडकतो.

आता पाठवण्याच्या टप्प्यावरचा एक खड्डा. तुमच्या सर्व्हरने मेसेज पाठवला आणि "पाठवला" अशी नोंद करण्याआधीच तो बंद पडला. ड्राफ्ट sending मध्ये लटकतो. पुन्हा पाठवला तर ग्राहकाला तोच मेसेज दोनदा जाऊ शकतो, नाही पाठवला तर कदाचित गेलेलाच नसतो. म्हणून sending वर आपोआप फेरप्रयत्न लावू नका. मेसेज पाठवताना व्हॉट्सॲप API च्या `biz_opaque_callback_data` या फील्डमध्ये ड्राफ्टचा आयडी घाला. तो स्टेटसच्या वेबहुकमध्ये जसाच्या तसा परत येतो, त्यावरून मेसेज गेल्याचं पक्कं करता येतं. काही मिनिटांत स्टेटस आलंच नाही तर तो ड्राफ्ट माणसाकडे द्या. येणाऱ्या मेसेजचे वेबहुकही कधीकधी दोनदा येतात, तेव्हा मेसेज आयडीवर युनिक बंधन हवंच. नाहीतर एका प्रश्नाचे दोन ड्राफ्ट बनतात आणि दोघीजणी एकेक ओके करून मोकळ्या होतात.

तुमच्या दुकानाला सगळ्यात जास्त त्रास व्हॉट्सॲपच्या 24 तासांच्या खिडकीचा होईल. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच मोकळा मजकूर पाठवता येतो, त्यानंतर फक्त आधी मान्यता घेतलेलं टेम्प्लेट चालतं. मजकूर पाठवायला गेलात तर 131047 हा एरर येतो. शनिवारी संध्याकाळी 7 ला आलेल्या प्रश्नाचा ड्राफ्ट सोमवारी सकाळी 10 ला उघडला तर 39 तास झालेले असतात, उत्तर कितीही चांगलं असो. "तुमचा मेसेज मिळाला" अशी पोच लगेच पाठवली तरी ही खिडकी वाढत नाही. ती ग्राहकाच्या मेसेजनेच नव्याने सुरू होते. त्यामुळे रांग आलेल्या वेळेनुसार लावू नका, खिडकी संपण्याच्या वेळेनुसार लावा, आणि चार तास उरले की ड्राफ्ट ठळक दिसू द्या. रविवारी एक तास कुणीतरी बसणं हा सर्वात सोपा उपाय. ते जमत नसेल तर एक टेम्प्लेट मान्य करून ठेवा: "तुमच्या ऑर्डरबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे", आणि खाली "उत्तर पाठवा" हे बटण. ग्राहकाने बटण दाबलं की खिडकी पुन्हा उघडते. बटण दाबणं हाही ग्राहकाचा मेसेजच, त्यामुळे जुना ड्राफ्ट stale होतो आणि ताज्या माहितीवर नवा लिहिला जातो. ते योग्यच आहे, दोन दिवसांत पार्सल कुठल्या कुठे गेलेलं असतं.

वेळ संपत आली म्हणून बिनतपासलेला ड्राफ्ट आपोआप सोडण्याची सोय मात्र कुणी सुचवली तरी ठेवू नका. गर्दीच्या दिवशी, म्हणजे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, सगळी रांग तिथूनच बाहेर पडेल. नेमक्या त्याच दिवशी चुका जास्त असतात.

आता 300 मेसेज. एका ड्राफ्टला नीट वाचून, ऑर्डर ताडून 40 सेकंद धरले तर 12,000 सेकंद, म्हणजे 3 तास 20 मिनिटं निव्वळ वाचन. दोघींनी इतर काम सांभाळून हे रोज केलं तर तिसऱ्या आठवड्यात वाचणं थांबतं आणि बटण दाबणं उरतं. म्हणून सगळंच रांगेत घालू नका. "पार्सल कुठे आहे" याचं उत्तर कुरिअरच्या माहितीतून ठरलेल्या साच्यात भरता येतं, ते थेट जाऊ द्या. रांगेत ते यावं ज्यात रक्कम आहे, तारखेचं वचन आहे, परतीचा किंवा बदलीचा नियम सांगितला आहे किंवा ग्राहक चिडलेली आहे. असे 90 निघाले आणि प्रत्येकाला पूर्ण मिनिट दिलं तरी दीड तासात संपतात. ही वर्गवारी साध्या नियमांनी करा: मजकुरात आकडा किंवा ₹ आहे का, तारीख आहे का, "परत", "बदलून", "मोफत" असे शब्द आहेत का. बॉटलाच "तुला किती खात्री आहे" असं विचारून गाळू नका, चुकीचं उत्तरही तो पूर्ण खात्रीने लिहितो.

नियम सांगणारे मेसेज रांगेत हवेतच. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं होतं की नातेवाइकाच्या निधनासाठीच्या सवलतीचा अर्ज तिकीट काढल्यावरही करता येईल. कंपनीच्या नियमात तसं नव्हतं. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने बॉटच्या बोलण्याची जबाबदारी कंपनीवरच टाकली आणि भरपाई द्यायला लावली.

स्क्रीनची मांडणी साधी ठेवा. वर ग्राहकाचे शेवटचे मेसेज, शेजारी ऑर्डरमधली रक्कम आणि तारखा, त्याखाली ड्राफ्ट. ड्राफ्टमधल्या रकमा आणि तारखा रंगवून दाखवा आणि ऑर्डरशी जुळत नसतील त्या लाल करा. एंटर दाबल्यावर ओके होणार नाही याची काळजी घ्या. नाकारताना चार कारणं पुरतात: माहिती चुकली, अधिकाराबाहेरचं वचन, भाषा खटकते, प्रश्नच वेगळा होता.

त्यातलं शेवटचं कारण मराठी ग्राहकांकडून जास्त येईल. "परवाचं पार्सल अजून नाही" यातला परवा होऊन गेलेला आहे, "परवा मिळेल ना" यातला यायचा आहे. रोमन लिपीत घाईने टाइप केलेल्या अर्धवट वाक्यात बॉट हे हमखास उलटं घेतो आणि "हो, परवा नक्की मिळेल" असं लिहून मोकळा होतो. मराठी न येणाऱ्या तपासणाऱ्याला त्यात खोट दिसणार नाही. बाहेर जाणाऱ्या मेसेजमध्ये उद्या-परवा चालणार नाही, वार आणि तारीखच हवी, असा नियम लावा: "गुरुवार, 14 तारखेला." मग चूक डोळ्यांना दिसते.

तपासणी खरंच होते आहे का, हे मंजुरीच्या टक्क्यांवरून कळत नाही. 98 टक्के मंजूर होत असेल तर बॉट चांगला असेल किंवा कुणी वाचत नसेल. उघडल्यापासून ओकेपर्यंतचा वेळ नोंदवा. चार ओळींचा मेसेज तीन सेकंदांत ओके होत असेल तर तो वाचलेला नाही. शिवाय दर 100 मध्ये दोन मुद्दाम चुकीचे ड्राफ्ट पेरा: रक्कम 3,450 ऐवजी 4,350, किंवा परतीची मुदत 7 ऐवजी 17 दिवस. दोघींना आधी सांगा की असे ड्राफ्ट येतील, नाहीतर फसवल्यासारखं वाटेल. आणि ते drafts टेबलात ठेवूच नका. वेगळ्या टेबलातून फक्त स्क्रीनवर आणा, म्हणजे कुणी ओके केला तरी पाठवणाऱ्या कोडच्या हाती तो लागणार नाही. पेरलेले निसटायला लागले तर आधी रांगेची लांबी बघा, मग माणसांकडे वळा. बहुतेक वेळा थेट जाऊ शकणारे मेसेज पुन्हा रांगेत शिरलेले सापडतात.