ग्राहकाने एकदम पाठवलेले फोटो जोडायचे की वेगवेगळे ठेवायचे?

प्रश्न: सेवा केंद्रात ग्राहक व्हॉट्सॲपवर एकदम आठ-दहा फोटो टाकतो, सोबत एक शब्दही नसतो. जोडायचे, क्रमाने लावायचे की वेगवेगळे ठेवायचे, कसं ठरवता?

उत्तर: आधी कोणते फोटो एकाच कागदाचे आहेत ते बघायचं. बाकीचं त्यावरून ठरतं.

समजा नऊ फोटो आलेत: आधारचे चार, भाडेकराराचे चार आणि पासबुकाचं पहिलं पान. आधार नवरा-बायकोचं असेल तर मागच्या बाजूला पत्ता दोघांचा बहुधा एकच असतो, त्यामुळे पत्त्यावरून जोड्या लावल्या की हमखास घोळ होतो. क्रमांक दोन्ही बाजूंना छापलेला असतो; त्याचे शेवटचे चार आकडे जुळवा. मग एकेका माणसाच्या दोन्ही बाजू एका A4 पानावर, कार्डाच्या मूळ मापात, म्हणजे साधारण ८५.६ × ५४ मिमी. दोन माणसांची पानं मात्र वेगळी ठेवा.

करारात आधी तुलना, मग क्रम. चारांतले दोन फोटो एकाच पानाचे निघतात, कारण पहिला हलला म्हणून माणसाने दुसरा काढलेला असतो. दोन्ही मोठे करून शेवटची ओळ, शिक्का आणि कडा बघा. एकात सही आहे आणि दुसऱ्यात नाही, तर ती जास्तीची प्रत समजून उडवू नका. सहीआधीचा आणि सहीनंतरचा कागद वेगळा. पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकाही लहान चित्रात अगदी सारख्या दिसतात, तिथे परीक्षेचा महिना वाचूनच ठरवा.

क्रमासाठी फाइलच्या नावावर विसंबू नका. `IMG-20240612-WA0003.jpg` यातला शेवटचा आकडा फोटो कधी काढला ते सांगत नाही. गॅलरीत शेवटचा फोटो बहुधा सगळ्यात वर असतो आणि माणूस वरून निवडत जातो, म्हणून करार पुष्कळदा उलटा येतो. पान क्रमांक नसेल तर कलमांचे आकडे बघा. तेही नसतील तर एका पानाचं शेवटचं अर्धवट वाक्य दुसऱ्या कोणत्या पानावर पुरं होतं ते शोधा. वाक्य कुठेच जुळलं नाही तर मधलं पान आलेलंच नाही, ते मागवा. क्रम लागला की नावं `01`, `02` अशी द्या. `1`, `2`, `10` दिलीत तर काही प्रोग्रॅम 10 ला 2 च्या आधी लावतात.

पासबुक स्वतंत्र फाइल. अर्जाच्या पोर्टलवर त्याला बहुतेक वेळा वेगळा रकाना असतो, आणि सगळं एका पीडीएफमध्ये कोंबलं तर ते पुन्हा सोडवत बसावं लागतं. मूळ फोटो काम संपेपर्यंत हलवू नका.

मग ग्राहकाला "काय करू?" असं मोकळं विचारू नका, त्याला सांगता येत नाही. असं लिहा: "दोघांचं आधार वेगवेगळ्या पानांवर, करार तीन पानांचा, पासबुक वेगळं. कराराचा चौथा फोटो पान क्रमांक दोनचाच पुन्हा आलाय, तो घेत नाही. चालेल ना?" याला "हो" किंवा "नाही, तो राहू द्या" एवढंच उत्तर पुरतं.